समुद्राचा तळ कडेकडे खोल का होत जातो?

प्रश्न: समुद्राच्या मधोमध डोंगररांग असते म्हणतात, मग सगळ्यात खोल जागा कडेला कशी?

उत्तर: तळाच्या वयामुळे. मध्य-महासागरी रांगेच्या फटीत लाव्हा थिजून नवा तळ बनतो. खालचा खडक तापून फुगलेला, म्हणून तो उंच राहतो. वर पाणी साधारण अडीच किलोमीटरच. दोन्ही बाजूंना सरकताना तो थंड होतो, आकसतो, खचतो.

हिशेब गमतीदार आहे. वय दशलक्ष वर्षांत घ्या, वर्गमूळ काढा, ३५० ने गुणा. साधारण तेवढे मीटर तळ खाली गेलेला असतो. अटलांटिकमध्ये तो एका बाजूला वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे रांगेपासून २५० किलोमीटरवरचा तळ २५ दशलक्ष वर्षांचा, १७५० मीटर खचलेला. खोली सव्वाचार किलोमीटर. (८० दशलक्ष वर्षांपुढे मात्र तळ या हिशेबापेक्षा कमी खचतो.)

पॅसिफिक महासागरातली मारियानाची सुमारे ११ किलोमीटरची गर्ता नुसत्या थंडीने होत नाही. तिथे १५ कोटी वर्षांच्या आसपासचा, जड झालेला तळ शेजारच्या भूपट्टाखाली वाकून बुडतो. वाकतो तिथेच गर्ता. अटलांटिकच्या कडांना अशा गर्ता फारशा नाहीत, म्हणून तो अजून रुंदावतोय.