कंपाउंड वॉलच्या पिलरचं काँक्रीट: हिशोब कुठे चुकतोय

प्रश्न: मुलुंडला आमच्या सोसायटीची मागची हद्द सरळ ३० मीटर आहे. दर ३ मीटरवर पिलर घ्यायचेत. फूटिंग ९०० × ९०० × ३०० मिमी, पिलर २३० × २३० मिमी, जमिनीवर १.८ मीटर. फूटिंगची वरची पातळी जमिनीखाली ०.९ मीटर. कंत्राटदाराने एम २० काँक्रीट ३.३८ घनमीटर लिहिलंय. बरोबर आहे का?

उत्तर: नाही, कमी आहे. आकडा पाहून वाटतं की दोन गोष्टी सुटल्यात.

पहिली म्हणजे पिलरची संख्या. ३० ला ३ ने भागलं की १० गाळे येतात, पण सरळ भिंतीला दोन्ही टोकांना पिलर लागतो, म्हणजे ११. चारही बाजू बंद असलेल्या हद्दीत मात्र जितके गाळे तितकेच पिलर, कारण शेवटचा गाळा पहिल्याच पिलरवर येऊन मिळतो.

दुसरी गोष्ट पिलरची उंची. त्याने फक्त जमिनीवरचे १.८ मीटर धरलेत. काँक्रीट फूटिंगच्या माथ्यापासून सुरू होतं, म्हणून उंची ०.९ + १.८ = २.७ मीटर. आता एका पिलरचं बघा: फूटिंग ०.२४३ घनमीटर आणि पिलर ०.१४३, मिळून ०.३८६. त्याला ११ ने गुणलं की सुमारे ४.२५ घनमीटर. थोडी नासाडी धरून ४.४ मागवा. १:१.५:३ प्रमाणात घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट लागतं, म्हणजे ३५ गोण्या. फूटिंगखालचा १०० मिमी पीसीसी, म्हणजे सळईविना साध्या काँक्रीटचा थर, यात नाही. तो वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

यापेक्षा मोठी अडचण मला फूटिंगच्या जागेची दिसते. पिलर हद्दीच्या रेषेला लागून, फूटिंगच्या बरोबर मध्यावर घेतला, तर फूटिंग शेजारच्या प्लॉटमध्ये ३३५ मिमी जाईल आणि पीसीसी त्याहून पुढे. शेजारी उद्या खोदकामाला लागला की वाद ठरलेला. म्हणून पिलर फूटिंगच्या बाहेरच्या कडेला घेऊन अख्खं फूटिंग आपल्या बाजूला ठेवतात. काँक्रीट तेवढंच राहतं, पण भार एका कडेवर आल्याने जमिनीवरचा दाब त्या कडेला वाढतो आणि पिलर बाहेर कलू शकतो. तेव्हा फूटिंगचा आकार आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या. पिलर मध्यावर असलेल्या फूटिंगचं ड्रॉइंग जसंच्या तसं वापरू नका.

मुंबईत बऱ्याच ठिकाणी वर डेब्रिजचा भराव असतो. खड्डा ठरलेल्या खोलीवर पोचला तरी तळाला विटांचे तुकडे, माती किंवा काळा चिखल दिसला तर थांबू नका, मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत खाली जा. दर अर्ध्या मीटरला एका पिलरमागे काँक्रीट फक्त ०.०२६ घनमीटर वाढतं. ही वाढ प्रत्यक्ष मापाने द्यायची अट करारात लिहा. खड्डे बुजवण्याआधी प्रत्येक फूटिंगच्या माथ्यापासून जमिनीच्या पातळीपर्यंत टेप लावून माप घ्या, टेपसकट फोटो काढा. एकदा माती पडली की खालचं मोजता येत नाही.