कन्सल्टंट म्हणून पोस्ट लिहायचीय पण जाहिरात वाटू नये? मग हे कर

अरे, "आम्ही कॅश फ्लो सुधारून देतो" असलं काही टाकू नकोस, लोक बघून पुढे जातात. त्यापेक्षा क्लायंटने मीटिंगमध्ये विचारलेला एकच प्रश्न घे, त्याच्याच शब्दांत. उदा. "ऑर्डरी वाढल्या तरी खात्यात पैसे का नाहीत?" आणि मग उत्तर पूर्ण देऊन टाक, हातचं राखू नकोस. सप्लायरला 15 दिवसांत पैसे द्यायचे, गिऱ्हाईक देतं 60 दिवसांनी, म्हणजे मधले 45 दिवस दीड महिन्याच्या खरेदीचे पैसे आपल्याच खिशातून, आणि ऑर्डर दुप्पट झाली की हा खड्डापण दुप्पट. बास, इथेच थांब. खाली "संपर्क करा" नको, तू काय करतोस ते प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत असलं की पुरे.

क्लायंटचं नाव तर नकोच, पण धंदा आणि गाव एकत्र लिहिलंस तरी ओळखणारे ओळखतात हां.

आठवड्याला एक पोस्ट खूप झाली. लाइक मोजत बसू नको, ते बहुतेक आपल्याच लाइनीतले कन्सल्टंट देतात (आणि कमेंटमध्ये अक्कलपण तेच शिकवतात). एखादा मालक इनबॉक्समध्ये "आमचे तर 90 दिवस आहेत, काय करू" असं विचारतो ना, तेव्हा समज पोस्ट लागली, आणि पुढच्या पोस्टचा विषयपण मिळाला.