जुन्या कंपनीतला पीएफ: काढू की नव्या नोकरीत नेऊ?

प्रश्न: माझं वय 33. जून 2018 ते ऑगस्ट 2021 नाशिकच्या एका कंपनीत होते, नंतर ऑक्टोबर 2021 पासून डिसेंबर 2025 पर्यंत पुण्यात. जानेवारीत तिसरी नोकरी धरली, पगार वर्षाला साडेचौदा लाख. नाशिकचा पीएफ अजून तिथेच पडून आहे, पासबुकात 2 लाख 20 हजार दिसतात. 2 लाखांचं पर्सनल लोन आहे, 14 टक्क्यांचं, दीड वर्ष उरलंय. मिस्टर म्हणतात, जुना पीएफ काढ आणि लोन मिटव, नाहीतरी तीन वर्षं झाली की व्याज बंद होतं. काढू का? (लग्नानंतर माझं आडनाव बदललंय, त्याने काही अडेल का?)

उत्तर: काढू नका. आधी नाशिकचा पीएफ ट्रान्सफर करा, लोन हप्त्यानेच फिटू दे. 14 टक्क्यांचं कर्ज आणि सव्वाआठ टक्क्यांची ठेव समोरासमोर ठेवली की कोणीही कर्ज फेडा म्हणेल, आणि एरवी मीही तेच म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत हिशेब उलटा पडतो, तो करामुळे.

त्याआधी मिस्टरांच्या व्याजाच्या मुद्द्याबद्दल. ते म्हणतात तसा नियम खरोखरच होता. 1 एप्रिल 2011 पासून, सलग 36 महिने वर्गणी आली नाही की खात्यावरचं व्याज थांबायचं. नोव्हेंबर 2016 मध्ये तो बदलला, पण लोकांच्या डोक्यात जुनाच बसलाय. आता पंचावन्नच्या आत नोकरी सोडलेल्याच्या खात्यावर वयाच्या 58 पर्यंत व्याज चढत राहतं. खातं ‘निष्क्रिय’ ठरतं ते पंचावन्नीनंतर निवृत्त होऊन, कायमचं परदेशी गेल्यावर किंवा सभासदाचा मृत्यू झाल्यावर 36 महिन्यांत कोणी पैसे मागितले नाहीत तर. तुम्ही यातल्या कशातच बसत नाही. पासबुक उघडून बघा, नाशिकच्या खात्यात 2021 नंतरही दरवर्षी व्याजाची नोंद असेल. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांचा दर 8.25 टक्के होता.

आता कराचं. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी पीएफ काढला तर तो करपात्र होतो. नाशिकची नोकरी सव्वातीन वर्षांची. ती रक्कम तुम्ही स्वतंत्र काढलीत तर तेवढीच सेवा धरली जाईल. पुण्याची सव्वाचार वर्षं तिच्या मदतीला येणार नाहीत, कारण मागची सेवा जोडून धरायची तर मागची रक्कम पुढच्या खात्यात आलेली असावी लागते. ट्रान्सफर केलीत की दोन्ही मिळून साडेसात वर्षं होतात आणि पाच वर्षांची अट मागेच पडते. म्हणजे याच पैशावर कर लागणार की नाही, हे तुम्ही कोणतं काम आधी करता यावर ठरतं.

तुमचा तेव्हाचा मूळ पगार 20 हजारांच्या आसपास धरते, पासबुकातली रक्कम त्याच्याशी जुळते. 39 महिन्यांत तुमची वर्गणी साधारण 93 हजार 600, आणि कंपनीची, तिच्या वाट्यातून पेन्शन योजनेत जाणारे दरमहा 1,250 वजा जाता, 44 हजार 850. उरलेले 81-82 हजार व्याजाचे. आत्ता काढलेत तर कंपनीचा वाटा आणि सगळं व्याज, मिळून सव्वा लाखावर, तुमच्या उत्पन्नात मिळवलं जाईल. नव्या कररचनेत तुम्ही 15 टक्क्यांच्या टप्प्यात आहात, म्हणजे सेससकट 19-20 हजार कर. त्या वर्षांत जुन्या कररचनेने 80 सीची वजावट घेतली असेल तर ती सूटही परत करावी लागेल. पॅन जोडलेलं असलं तरी रक्कम हातात येतानाच 10 टक्के टीडीएस, म्हणजे 22 हजार, कापून येतील. काही जण यावर फॉर्म 15जी भरा असा सल्ला देतात. तो ज्यांचा एकूण कर शून्य निघतो त्यांच्यासाठी असतो. तुमचा निघत नाही, तेव्हा त्या फॉर्मवर सही करणं म्हणजे खोटं लिहून देणं.

उलट बाजूला लोन मिटवून काय वाचतं? 2 लाखांवर दीड वर्षात जे व्याज अजून भरायचंय ते 22-23 हजार. त्यातून बँकेचा मुदतपूर्व फेडीचा आकार गेला तर आणखी कमी. म्हणजे 22-23 हजार वाचवायला 20 हजार कर भरायचा, आणि पीएफमधले 2 लाख 20 हजार सव्वाआठ टक्क्यांवरून उठवायचे. लोन अजून चार वर्षांचं असतं किंवा क्रेडिट कार्डाची 36-40 टक्क्यांची थकबाकी असती, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. दीड वर्षासाठी हा उद्योग करू नका.

दुसरी अडचण नियमाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. पीएफ पूर्ण काढायचा तर नोकरी सोडून दोन महिने झालेले असावे लागतात, आणि त्या काळात पीएफ लागू असलेल्या दुसऱ्या जागी तुम्ही नोकरीत नसावं लागतं. (ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत पीएफ संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे दोन महिने बारावर नेण्याचं, आणि पेन्शनची रक्कम काढण्यासाठी छत्तीस महिन्यांचं ठरवलं आहे.) तुम्ही ऑक्टोबर 2021 पासून नोकरीतच आहात. एकाच यूएएनखाली, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांत तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाखाली, पुढचं खातं चालू दिसत असताना मागच्या खात्याचे पैसे काढायचा फॉर्म 19 भरला की तो बरेचदा ‘ट्रान्सफर करा’ असा शेरा मारून परत येतो.

पेन्शनबद्दल मात्र मी तुम्हाला गोड बोलणार नाही. फॉर्म 10सी भरून नाशिकच्या सव्वातीन वर्षांची पेन्शनची रक्कम काढता आली असती तर साधारण 45 हजार मिळाले असते. ती न काढता सेवा पुढे नेली तर 58 व्या वर्षी त्या सेवेपोटी दरमहा साडेसहाशे ते सातशे रुपये मिळतील. हिशेब सोपा आहे: पेन्शनसाठी धरला जाणारा पगार 15 हजार, गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. 45 हजार 25 वर्षं 8 टक्क्यांनी ठेवले तर तीन लाखांवर जातात, तेव्हा नुसत्या आकड्यांत काढून गुंतवणं सरस ठरतं. तरीही सेवा पुढे न्या असंच मी म्हणेन. पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षं लागतात. तुमची साडेसात झालीत, नाशिकची सोडलीत तर सव्वाचारावर याल. वीस वर्षं भरली की दोन वर्षं वाढवून मिळतात, तो टप्पाही लांबेल. आणि काढलेले 45 हजार पंचवीस वर्षं कोणी शिवत नाही, असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

मग खातं तिथेच राहू दिलं तर काय बिघडतं? व्याज मिळतंय ना? मिळतंय, पण नोकरी सोडल्यानंतर साठलेलं व्याज आयकराच्या दृष्टीने करपात्र धरलं जातं, आणि तुमच्या 81 हजारांतले 60 हजारांच्या आसपास 2021 नंतरचेच आहेत. ते विवरणपत्रात फारसं कोणी दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी. ट्रान्सफरनंतर पुढचं व्याज चालू नोकरीच्या खात्यात पडतं, म्हणजे निदान हा घोळ वाढत तरी नाही. शिवाय जुनी कंपनी बंद पडली, एचआर बदललं, कागदावर सही करणारं कोणी उरलं नाही, की दुरुस्तीचं साधं काम महिनोन्‌महिने रखडतं.

तुमचं काम कुठे अडलंय ते आडनावात किंवा सोडल्याच्या तारखेत सापडेल, बहुधा दोन्हींत. पीएफच्या सभासदांच्या पोर्टलवर लॉगिन करून View मधलं Service History उघडा. नाशिकच्या ओळीत Date of Exit कोरी असेल तर ट्रान्सफर पुढे सरकत नाही. ती कंपनीने भरायची असते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की Manage मधल्या Mark Exit ने तुम्ही स्वतः भरू शकता, आधारच्या ओटीपीने. वर्गणीचा शेवटचा महिना ऑगस्ट 2021 असेल तर तारीख त्याच महिन्यातली टाका. घाईने चुकीची टाकलीत तर ती बदलणं त्रासाचं आहे. ती पुण्याच्या रुजू तारखेच्या पुढे गेली तर दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि पुढे पेन्शनच्या वेळी तेच निस्तरत बसावं लागतं. पुण्याच्या खात्याचीही डिसेंबर 2025 ची तारीख चढली आहे का, तेवढं बघा.

आडनावाचं काम आधी करा. आधार, पॅन, बँक खातं आणि पीएफ या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकसारखं हवं. आधार आणि पॅनवर नवीन आडनाव घेतलं असेल तर पीएफमध्येही तेच करा. तुमचा यूएएन पहिल्या नोकरीत, म्हणजे जून 2018 मध्ये निघाला असेल. 1 ऑक्टोबर 2017 नंतर निघालेल्या, आधारने पडताळलेल्या यूएएनमध्ये नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती अशा दुरुस्त्या सभासदाला 2025 पासून कंपनीच्या मंजुरीशिवाय करता येतात. Manage मध्ये Modify Basic Details आहे, तिथून. अशा यूएएनच्या ट्रान्सफरलाही आता सहसा जुन्या किंवा नव्या मालकाची संमती लागत नाही.

हे झालं की Online Services मध्ये One Member – One EPF Account (Transfer Request) उघडा. नाशिकचं आणि पुण्याचं, दोन्ही खाती नव्या कंपनीच्या खात्यात न्यायची आहेत, आणि अर्ज दोघांसाठी वेगळे करायचे. नव्या कंपनीची पहिली वर्गणी पासबुकात दिसेपर्यंत थांबलात तर बरं. पुण्याची रक्कम काही वेळा आपोआप येते, ती आली नाही तरच अर्ज करा. अर्ज महिनाभर तसाच पडून राहिला तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा, तिचा नंबर जपून ठेवा.

रक्कम आल्यावर पासबुकात कर्मचारी आणि मालक या रकान्यांत आकडा दिसेल, पेन्शनच्या रकान्यात मात्र शून्य. हे बघून घाबरून फोन करणारे बरेच असतात. पेन्शनचे पैसे कोणाच्या खात्यात नसतात, ते एका सामाईक निधीत असतात, आणि ट्रान्सफरमध्ये फक्त सेवेची वर्षं पुढे जातात. तुमची साडेसात वर्षं Service History मध्ये नीट लागली आहेत ना, ते तपासा. आणि पोर्टलवर आहातच तर e-Nomination नव्याने भरून टाका. पहिल्या नोकरीत, लग्नाआधी वारस म्हणून जे नाव टाकलं होतं तेच अजून तिथे असेल.