चालू कंपनीला न कळता अर्ज करायचा असेल तर रिक्रूटरला मेल कसा लिहावा?

"चाकणच्या एका कंपनीत परचेसमध्ये आहे. कन्सल्टन्सीच्या रिक्रूटरला सीव्ही द्यायचाय, पण ऑफिसात कुणाला कळता कामा नये. मेलमध्ये नेमकं काय लिहू?"

मी पुण्यात रिक्रूटमेंटचंच काम करते. नुसतं "कृपया गोपनीय ठेवा" लिहून फारसा उपयोग होत नाही, कारण त्यातून रिक्रूटरला नेमकं काय टाळायचं ते कळत नाही. बातमी फुटते ती बहुधा दोन वाटांनी. कन्सल्टन्सी तुम्हाला न विचारता सीव्ही चार क्लायंटना पाठवते आणि त्यातला एक तुमच्याच ग्रुपमधला किंवा तुमचा व्हेंडर निघतो. नाहीतर तिकडचा मॅनेजर सहज चौकशी म्हणून तुमच्या ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावतो. परचेसमध्ये तर सगळे सगळ्यांना ओळखतात. मेलने या दोन वाटा बंद करायच्या.

पहिल्या मेलला सीव्ही जोडू नका. मेल स्वतःच्या आयडीवरून आणि स्वतःच्या फोनवरून पाठवा, ऑफिसच्या लॅपटॉपवरून नको. इंग्रजीत लिहिलात तरी मजकूर साधारण असा ठेवा:

"नमस्कार, परचेस इंजिनिअरच्या पदासाठी अर्ज करायची इच्छा आहे. ऑटो पार्ट्समध्ये सहा वर्षांचा अनुभव आहे. मी नोकरी शोधतोय हे सध्याच्या कंपनीत कुणालाही माहीत नाही. म्हणून माझा सीव्ही कोणत्याही क्लायंटला पाठवण्याआधी त्या कंपनीचं नाव मला कळवावं आणि माझा होकार आल्यावरच पाठवावा. ऑफर स्वीकारून मी राजीनामा देईपर्यंत सध्याच्या कंपनीत रेफरन्स किंवा व्हेरिफिकेशनसाठी संपर्क करू नये. तोवर आधीच्या कंपनीतल्या मॅनेजरचा रेफरन्स देईन. फोन संध्याकाळी सातनंतर करावा. हे मान्य असल्याचं कळवलंत की सीव्ही पाठवतो."

यातलं "राजीनामा देईपर्यंत" मुद्दाम घातलंय. "कधीच संपर्क करू नका" असं लिहिलं की आम्हाला शंका येते, काहीतरी लपवतोय का म्हणून. शिवाय सध्याच्या कंपनीचं व्हेरिफिकेशन कधी ना कधी होतंच, बहुतेक ठिकाणी रिलीव्हिंगनंतर. त्याच्या फॉर्ममध्ये सध्याच्या कंपनीला आत्ता संपर्क करावा का, असं अनेकदा विचारलेलं असतं. तिथे "नाही" लिहायला विसरू नका. व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी वेगळी असते, तुमचा मेल तिच्यापर्यंत पोचलेला नसतो.

"हो, मान्य" असं लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. फोनवर "काळजी करू नका हो" म्हणणारा रिक्रूटर नोकरी सोडून गेला की तुमची फाइल दुसऱ्याकडे जाते आणि त्याला यातलं काहीच माहीत नसतं. रिक्रूटर क्लायंटचं नाव सांगायलाच तयार नसेल, तर त्या जागेसाठी सीव्ही देऊ नका. ते नाव तुमच्याच कंपनीचं असू शकतं.

जॉब पोर्टलवर तुमची कंपनी ब्लॉक केली असेल तर चांगलंच आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. तुमच्या एचआरसाठी माणसं शोधणारी कन्सल्टन्सी तिथे स्वतःच्या नावाने लॉगिन करते, आणि तिला तुमचा प्रोफाइल दिसतो.