मसुद्यात आपला आवाज आणायचा तर आधी क्रियापदं बघा

एआयकडून लिहून घेतलेला मसुदा आपल्या भाषेत आणताना सुरुवातीला सुटे शब्द बदलत बसू नका, आधी क्रियापदं बघा. यंत्राचा मसुदा तिथेच उघडा पडतो. 'घोडबंदर रोडवरील कोंडीमुळे नागरिकांना गैरसोयीचा सामना करावा लागत आहे' हे मोठ्याने वाचा. 'सामना करावा लागत आहे' असं घरी कोण बोलतं? त्या जागी काय घडलं ते लिहा: 'कापूरबावडीला बस अर्धा तास हललीच नाही, लेटमार्क लागला.' हा तपशील मात्र खरोखर तुमचाच हवा. नसेल तर वाक्य सरळ काढा.

नवखे बहुतेकदा मसुदा तसाच ठेवून वर 'यार', 'भारी' पेरतात. ते ठिगळ लगेच दिसतं.

मग 'तसेच', 'याव्यतिरिक्त' खोडा. शेवटचा 'थोडक्यात'वाला परिच्छेद तर पूर्ण उडवा. मित्राला पाठवलेले दोन-तीन लांब मेसेज शेजारी ठेवा. तुमची वाक्यं किती लांब असतात, ते तिथे कळेल.