गडचिरोलीच्या पेपरवर जर्नल क्लब: डिझाइनची चिकित्सा कशी मांडावी?

प्रश्न: मी पीएसएमच्या पहिल्या वर्षाला आहे. जर्नल क्लबसाठी बंग आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा 'लॅन्सेट'मधला घरोघरी नवजात बालसेवेचा पेपर मिळालाय. स्लाइड्समध्ये 'लिमिटेशन्स' म्हणून काय लिहू? 'रँडमायझेशन नाही' याच्यापुढे काही सुचत नाहीये.

उत्तर:

माझ्या पहिल्या जर्नल क्लबला मीही 'रँडमायझेशन नाही' एवढंच लिहिलं होतं. 'मग त्यामुळे निष्कर्ष कुठल्या दिशेला झुकेल?' असं एका सीनियरने विचारलं आणि मी गप्प झालो. तेव्हापासून माझी पद्धत अशी की, प्रत्येक उणिवेपुढे ती खरी असेल तर आकड्यांत काय दिसायला हवं ते लिहायचं आणि पेपरमध्ये तसं दिसतं का ते शोधायचं.

सुरुवात थोडक्यात उरका. एका क्षेत्रातली ३९ गावं, तुलनेला दुसऱ्या क्षेत्रातली ४७. १९९३ ते ९५ या काळात मूळ मृत्युदर मोजला, १९९५ ते ९८ हस्तक्षेप. त्यात गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविकेच्या घरभेटी, श्वास कोंडलेल्या बाळाची काळजी, ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविकं. याला दोन स्लाइड्स पुरेत.

मुख्य निकालाचं गणित मात्र फळ्यावर करून दाखवा. नवजात मृत्युदर हस्तक्षेप क्षेत्रात हजारी ६२ होता, तिसऱ्या वर्षी २५.५ झाला, म्हणजे सुमारे ५९ टक्के घट. तुलना क्षेत्रात तो ५८ वरून साधारण ६० वर गेला, म्हणजे तिथे ३ टक्क्यांच्या आसपास वाढ. पेपरमधली ६२.२ टक्के 'निव्वळ घट' या दोन्हींच्या बेरजेतून येते. वर्गातल्या निम्म्या लोकांना वाटत असतं की ६२ टक्के ही त्या गावांतली प्रत्यक्ष घट आहे, म्हणून हे करून दाखवणं गरजेचं.

आता रँडमायझेशन. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नाहीत, हे अर्धंच सांगणं झालं. खरी अडचण अशी की बाळं शेकड्यांनी असली तरी तुलना शेवटी एका क्षेत्राची दुसऱ्या एका क्षेत्राशी आहे. एका क्षेत्रात त्या तीन वर्षांत रस्ता झाला, पीक बरं आलं किंवा साथ आली, तर त्याचा परिणाम तिथल्या सगळ्याच बाळांवर होतो. म्हणून ०.००१ पेक्षा लहान पी-व्हॅल्यू पाहून भारावून जाऊ नका. ती योगायोगाबद्दल बोलते, क्षेत्रा-क्षेत्रांतल्या अशा फरकाबद्दल बोलत नाही. पेपरच्या बाजूने सांगायचं तर दोन्ही क्षेत्रांचे मूळ दर जवळपास सारखे होते आणि तुलना क्षेत्रातला दर खाली आलाच नाही. त्यामुळे 'सगळीकडेच सुधारणा होत होती' हा आक्षेप टिकत नाही.

दुसरा आक्षेप मोजणीचा. जन्मून लगेच गेलेलं बाळ 'मृतजात' म्हणून नोंदलं गेलं, तर एकही जीव न वाचता नवजात मृत्युदर खाली येतो. तसं झालं असतं तर परिजन्म मृत्युदर फारसा बदलला नसता, कारण त्यात मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू दोन्ही धरलेले असतात. पण तोही ४७.८ वर आला, निव्वळ घट ७१ टक्के. शिवाय जन्म-मृत्यूंची नोंद सेवा देणाऱ्या आरोग्यसेविकांनी नव्हे, वेगळ्या कार्यकर्त्यांनी केली होती. डिझाइनमधली ही बाजू मला फार आवडते. चिकित्सेत बळकट जागाही इतक्याच बारकाईने दाखवाव्यात.

माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा जंतुसंसर्गाच्या आकड्यांचा. मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं, हे वाक्य सगळे उद्धृत करतात. त्यामागची बाळं मोजा. आधी १६३ पैकी २७ दगावली, उपचार सुरू झाल्यावर ७१ पैकी २. आणखी तीन मृत्यू झाले असते तर प्रमाण ७ टक्के झालं असतं. तरीही घट दिसलीच असती, पण इतकी नाट्यमय नाही. ही तुलना आधी-नंतरची आहे आणि निदान लक्षणांवरून केलेलं आहे. त्याच काळात बाकीची काळजीही सुधारत होती, म्हणून सगळं श्रेय प्रतिजैविकांना देता येत नाही. पूर्ण पॅकेज चाललं एवढं हा पेपर सांगतो. त्यातलं काय चाललं, हे या डिझाइनमधून वेगळं काढता येत नाही.

शेवटची स्लाइड 'दुसरीकडे चालेल का?' यावर ठेवा. गडचिरोलीत दर पंधरवड्याला पर्यवेक्षकाची भेट होती आणि तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजातांपर्यंत सेवा पोचली होती. बांगलादेशात सिल्हेटला गट रँडमाइज करून अशीच घरभेटींची चाचणी झाली, तिचा निकाल २००८ मध्ये आला: शेवटच्या सहा महिन्यांत ३४ टक्के घट. दिशा तीच, आकार जवळपास निम्मा. २०११ पासून देशभरात आशांमार्फत घरभेटी सुरू झाल्या, तेव्हा यातल्या कुठल्या आकड्याची अपेक्षा ठेवायला हवी होती, हा प्रश्न वर्गाला विचारा आणि चर्चेसाठी किमान दहा मिनिटं राखून ठेवा.