तराजू कोणाच्या हातात आहे?

“माणूस बदलतो, पण शेवट तोच होतो. मी सगळं करते आणि शेवटी मीच एकटी उरते. माझ्याच नशिबात हे का?”

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळच्या माझ्या खोलीत हे गाऱ्हाणे मी इतक्यांदा ऐकले आहे की, आता नशिबावर वाद न घालता मी टॅरोचे पत्ते पुढे ठेवते. त्यांतून भविष्य कळते असे मी मानत नाही. परंतु सरळ प्रश्नाला माणूस तयार उत्तर देतो आणि चित्राकडे पाहताना मात्र नकळत खरे बोलून जातो. मी वापरते तो ७८ पत्त्यांचा संच पॅमेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला, १९०९ सालचा आहे.

मांडणी चार पत्त्यांची असते: सुरुवातीला मला काय ओढते, मग मी कोणती भूमिका घेते, तिच्यातून मला काय मिळते आणि ती सोडण्यात कशाची भीती वाटते. जोडीदारासाठी जागा मी मुद्दाम ठेवलेली नाही, कारण ती ठेवली की सारे बोलणे तिकडेच वाहते. दुसरा पत्ता उघड्या संचातून निवडायचा, बाकीचे पालथे ओढायचे.

तीन नाती तुटलेल्या एका बँक कर्मचारी बाईंनी (तपशील बदलले आहेत) दुसऱ्या जागी ‘सिक्स ऑफ पेंटॅकल्स’ ठेवला. त्यात हाती तराजू घेतलेला एक सधन माणूस गुडघे टेकलेल्या दोघांपैकी एकाच्या ओंजळीत नाणी टाकतो आहे.

“ही खाली बसलेली मी,” त्या म्हणाल्या.

“तिन्ही वेळा घरभाडे कोण भरत होते?”

“मीच.” बराच वेळ त्या पत्त्याकडे पाहत राहिल्या. “म्हणजे तराजू माझ्याच हातात होता की!”

तिसऱ्या पत्त्यावर फारसे काही निघाले नाही. चौथा निघाला ‘फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स’: उजळलेल्या खिडकीखालून बर्फात चाललेली दोन फाटकी माणसे. “आत दिवा आहे, मग ह्यांनी हाक का नाही मारली?” असे त्यांनी विचारले आणि त्यांचे डोळे भरून आले. देणाऱ्याला कधी मागावे लागत नाही, म्हणून त्याला नकारही ऐकावा लागत नाही. अडचणीतलाच माणूस त्या का निवडत, हे मला तिथे उमगले. नेमका अर्थ पुस्तकातून वाचून दाखवला असता, तर ती हाक त्यांच्या तोंडून आली नसती.

मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा ओढणे सुरू झाले की मी संच आवरते. नात्यात मारहाण किंवा धमकी असेल, तर तो काढतच नाही. तिथे स्वतःची भूमिका शोधण्याआधी सुरक्षितता पाहावी लागते.

त्या आठवड्यापुरते एकच काम दिले होते: कोणाकडे तरी एक लहानशी गोष्ट मागायची. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, “मैत्रिणीला स्टेशनवर घ्यायला ये म्हटलं. ती आली. आणि वाटभर मी तिला पेट्रोलचे पैसे घे, घे म्हणत होते.”